चेहऱ्यावर किंवा बोटावर खोल चावा असेल तर सीरम जखमेतच का भरायचं?

पारिजात
रेबीजच्या लशीबद्दल लोकांना बरीच माहिती झाली आहे, पण सीरमबद्दल, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनबद्दल, गोंधळ कायम आहे. आणि तो फक्त रुग्णांच्या नातेवाइकांचा नाही. गालाला खोल चावा असलेला रुग्ण वरच्या रुग्णालयात येतो, कागदावर ‘सीरम दिले’ असं लिहिलेलं असतं, आणि विचारलं तर कळतं की सगळंच्या सगळं मांडीत दिलं. जखमेत थेंबही नाही.

चर्चेसाठी एक नेमकं उदाहरण घेऊ. १५ किलो वजनाचं मूल. कुत्र्याचा चावा. गालावर साधारण तीन सेंटिमीटरची फाटलेली जखम, खालचा ओठ आरपार, हनुवटीवर दाताची दोन भोकं, आणि उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला खोल दात लागलेला. लस आधी कधीच घेतलेली नाही. उपलब्ध सीरम घोड्याचं, १ मिलिमध्ये ३०० युनिट.

हिशोब सोपा आहे. घोड्याच्या सीरमला किलोला ४० युनिट, म्हणजे ६०० युनिट, म्हणजे २ मिलि. आता हे २ मिलि या जखमांमध्ये कसं वाटायचं? कुठून सुरुवात करायची? आणि मोठ्या माणसाच्या बाबतीत उरलं तर त्याचं काय करायचं?

सूक्ष्मजीव
कसं वाटायचं यावर हाताने काम करणारे बोलतील. मी ‘का’ एवढंच सांगतो, कारण ते कळलं की मांडीत देण्याचा विचारच मनात येत नाही.

चावल्यावर विषाणू लाळेतून जखमेतल्या स्नायूत आणि उतींमध्ये पडतो. काही काळ तो तिथेच असतो, कधी स्नायूच्या पेशींमध्ये वाढतोही. मग तो नसेच्या टोकात शिरतो आणि नसेच्या आतून मेंदूकडे निघतो. एकदा नसेत शिरला की रक्तातल्या प्रतिपिंडांचा त्याच्यावर फारसा इलाज चालत नाही. म्हणजे त्याला अडवण्याची जागा एकच, ती जखम, आणि वेळही तेवढीच, नसेत शिरण्याआधीची.

लस घेतल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं करायला लागतं, पण ती पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस जातात. पायाच्या पोटरीला ओरखडा असेल तर बहुतेक वेळा हे दिवस मिळतात. चेहरा मेंदूच्या जवळ, आणि चेहरा, ओठ, बोटांची टोकं इथे नसांची टोकं दाटीने असतात. तिथे हे दिवस मिळतीलच याची खात्री नाही. सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती विषाणू जिथे पडलाय तिथेच ओतायची.

मांडीत दिली की ती सगळ्या शरीरात पसरतात आणि रक्तात त्यांचं प्रमाण इतकं कमी राहतं की गालाच्या जखमेत पोचेपर्यंत हाती काही उरत नाही. डोस पूर्ण, जागा चुकीची.

मनमौजी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत नाही. १९५४ सालचं इराणचं प्रकरण बघा. एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना चावलं होतं. डोक्याला चावे असलेल्यांपैकी ज्यांना नुसती लस मिळाली त्या पाचांपैकी तिघे गेले. ज्यांना लस आणि सीरम दोन्ही मिळालं त्या तेरांपैकी एकच गेला. आणि ते सीरम स्नायूतच दिलं होतं, जखमेत नाही. मग स्नायूत दिलेलं काम करतं हे सिद्धच झालं ना?

दुसरं, विषाणू भरलेल्या जखमेत सुई खुपसायची म्हणजे आपणच त्याला आणखी आत ढकलणार. ही भीती मला तरी रास्त वाटते.

सूक्ष्मजीव
@मनमौजी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. डोक्याच्या चाव्यात नुसती लस पुरत नाही, सीरम लागतं, हे इराणच्या त्या प्रकरणाने दाखवलं. जखमेत दिलेलं विरुद्ध स्नायूत दिलेलं अशी तुलना तिथे झालीच नव्हती. ‘स्नायूत दिलं तरी काही नसण्यापेक्षा बरं’ इतपत त्यातून म्हणता येईल, ‘स्नायूत दिलं की पुरे’ असं नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. लस आणि सीरम दोन्ही मिळूनही मुलं दगावल्याच्या थायलंडमधल्या नोंदी १९९६ साली छापून आल्या. चेहऱ्यावर अनेक चावे आणि त्यातल्या काही जखमांमध्ये सीरम भरलंच नव्हतं, असा त्यांतला धडा आहे. एक भोक राहिलं की विषाणूला तेवढी एक वाट पुरते.

सुईच्या भीतीबद्दल टाकेवाला किंवा सिस्टर सांगतील.

टाकेवाला
सांगतो. जखम आधी धुतलेली असली पाहिजे, आणि ‘धुतली’ म्हणजे नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं. दोन मिनिटं पाणी मारलं की लोकांना वाटतं झालं. साबणाने विषाणूचं वरचं आवरण विरघळतं, म्हणून साबण हवाच. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन. एवढं झाल्यावर सुई घातली आणि सुईच्या पुढेमागे सीरम सोडत गेलं, तर ढकलला गेलेला विषाणू प्रतिपिंडांच्या मधोमधच जाऊन पडतो. दगावलेल्यांच्या नोंदींमध्ये अडचण न भरलेल्या जखमांची दिसते, भरलेल्या जखमांची नाही.

आता पारिजातच्या मुलाबद्दल. सीरमची बाटली हातात घेण्याआधी सगळ्या जखमा मोजा. केसांत, कानामागे, ओठाच्या आतल्या बाजूला, बोटांच्या बेचक्यात. नेहमी होणारी चूक अशी की गालाची जखम मोठी दिसते, सगळे २ मिलि तिथेच जातात, आणि बोटाला काहीच उरत नाही.

२ मिलि या चार जागांना अपुरे पडतील. म्हणून त्यात तेवढंच नॉर्मल सलाईन मिसळून ४ मिलि करायचे. गरज पडली तर तिप्पटही करता येतं. साधं इंजेक्शनचं पाणी मिसळू नये, ते उतींमध्ये झोंबतं.

माझी वाटणी: गाल १.८, ओठ १.२, हनुवटीची दोन भोकं मिळून ०.५, बोट ०.५. चार सिरिंज आधीच भरून प्रत्येकीवर जागा लिहून ठेवायची. मग मूल कितीही रडलं तरी हिशोब चुकत नाही.

गालाच्या जखमेत सुई कातडीवरून टोचत बसायचं नाही. फाटलेल्या कडेच्या आतल्या बाजूने घालायची, जखमेच्या तळापर्यंत न्यायची आणि मागे घेता घेता हळूहळू सोडायचं. मग थोडी दिशा बदलून तसंच. कडा फिकट होऊन किंचित फुगते आणि जखमेतून थेंब पाझरायला लागतो. तिथे थांबायचं. ओठ आरपार असेल तर बाहेरून आणि आतून दोन्हीकडून. पापणी किंवा नाकाचा शेंडा असता तर तिथे थेंबाथेंबानेच मावतं. पापणीला शक्यतो डोळ्यांच्या डॉक्टरांना सोबत घ्यावं.

कौस्तुभ_प
पातळ केल्यावर औषधाचा जोर कमी नाही का होत? दुधात पाणी घातल्यासारखं?

सूक्ष्मजीव
एकूण युनिट तेवढेच राहतात, ६००. प्रश्न जोराचा नसून पोचण्याचा आहे. घट्ट २ मिलि अर्ध्या जखमेत भरून उरलेली अर्धी कोरडी ठेवण्यापेक्षा पातळ ४ मिलि सगळीकडे पोचलेलं कितीतरी चांगलं. डोस वाढवणं मात्र चालत नाही. जास्त दिलं तर लशीला शरीर जो प्रतिसाद देतं तो दबू शकतो.

अबोली
कुत्र्याला दरवर्षी लस दिली असेल तर हे सगळं करायची गरज असते का? आमच्याकडचा कुत्रा पाळीव आहे म्हणून विचारतेय.

सिस्टर_मंगल
अबोलीताई, धाग्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे, तरी सांगते. कुत्रा किंवा मांजर दिसायला धडधाकट असेल तर त्याला दहा दिवस नजरेसमोर ठेवतात. दहा दिवस तो ठणठणीत राहिला तर माणसाचे पुढचे डोस थांबवता येतात. पण चेहऱ्याला किंवा हाताला खोल चावा असेल तर दहा दिवस वाट बघून मग उपचार, असं करायचं नसतं. आज सुरू करायचं, गरज नाही असं ठरलं तर नंतर थांबवायचं. कुत्र्याच्या लशीचा कागद डॉक्टरांना जरूर दाखवा, निर्णय त्यांचा.

आता बोटाबद्दल, कारण बोटातच सगळ्यांचा हात थरथरतो.

बोटाच्या टोकाची कातडी घट्ट आणि आतली जागा छोटी. गालासारखं फुगायला तिथे वाव नसतो. जबरदस्तीने भरलं तर आतला दाब वाढून रक्त पोचणं बंद होऊ शकतं. म्हणून १ मिलिची सिरिंज आणि बारीक सुई, इन्सुलिनची असते तशी. दाताच्या भोकातूनच सुई आत, अगदी थोडं थोडं सोडायचं, आणि प्रत्येक वेळी थांबून बोटाचा रंग बघायचा. नख दाबून सोडलं की गुलाबी रंग लगेच परत आला पाहिजे. बोट पांढरं पडलं, थंड लागलं, किंवा रंग यायला वेळ लागला की तिथेच थांबायचं. ०.५ ठरवलं होतं आणि ०.३ च मावलं तर ०.३ वर थांबा. उरलेलं बोटाच्या वरच्या भागात, जखमेला लागून जिथे मावेल तिथे.

सीरम फ्रीजमधून काढून तसंच थंडगार देऊ नका. दोन ते आठ अंशांत साठवलेलं असतं, हातात धरून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड औषध जास्त दुखतं आणि मूल हात ओढून घेतं. खूप दुखत असेल तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी भूल देऊन बोट बधिर करतात, त्याने काम निवांत होतं.

वैदेही_र
हा धागा वाचून घाबरले आहे. माझ्या दिराला पाच दिवसांपूर्वी भटक्या कुत्र्याने तळहाताला खोल चावलं. त्याच दिवशी लस सुरू झाली, तिसऱ्या दिवसाचा डोसही झाला. जखमेला त्याच दिवशी टाके घातले. सीरम दिलंच नाही, ‘लस आहे ना, पुरे’ म्हणाले. आता उशीर झाला का?

टाकेवाला
वैदेहीताई, उशीर झालेला नाही, पण आजच जा. लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं करायला लागलेलं असतं.

टाके आहेत म्हणून घाबरू नका. टाके न काढताही जखमेच्या कडेने आणि टाक्यांच्या मधून भरता येतं. पू किंवा सूज असेल तर काय करायचं ते हात बघणारे डॉक्टर ठरवतील. तिथे गेल्यावर सरळ विचारा, ‘जखमेत देणार ना?’ आणि लशीच्या तारखांचा कागद सोबत न्या.

मनमौजी
म्हणजे चावून सात दिवस उलटले की सीरमचा उपयोग नाही, असंच ना?

टाकेवाला
नाही, हाच घोळ सगळीकडे होतो. सात दिवस लशीच्या पहिल्या डोसपासून मोजायचे, चाव्यापासून नाही. कुणी चावल्यावर पंधरा दिवसांनी पहिल्यांदा आलं आणि लस एकही झालेली नसेल, तर त्याच दिवशी लस आणि सीरम दोन्ही द्यायचं. जखम भरून आलेली असली तरी त्या जागी.

पारिजात
टाक्यांचा विषय निघालाच आहे तर क्रमही सांगून टाकते. धुणं, मग सीरम, मग टाके. गालाची जखम उघडी बघून आईवडील टाक्यांची घाई करतात, समजण्यासारखं आहे. पण सुई-दोऱ्याने कडा ओढून आवळल्या की न भरलेला विषाणू आत कोंडला जातो. सीरम भरल्यावर काही तास थांबायचं, ते उतींमध्ये पसरू द्यायचं, आणि मग अगदी गरजेपुरते सैल टाके. व्रण सुधारण्याचं काम नंतर करता येतं. रक्त थांबतच नसेल तर तो अपवाद.

कौस्तुभ_प
घोड्याच्या सीरमची रिॲक्शन येते ऐकलंय. आधी हातावर टेस्ट करून बघत नाहीत का?

सिस्टर_मंगल
जुनी पद्धत ती होती आणि काही ठिकाणी अजूनही करतात. जागतिक आरोग्य संघटना आता ती टेस्ट करायला सांगत नाही, कारण टेस्ट निगेटिव्ह आली तरी रिॲक्शन येऊ शकते आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी नाही येत. ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ म्हणून सीरमच नाकारलं जातं, हा त्यातला मोठा धोका. टेस्ट करा न करा, ॲड्रिनलिन भरून शेजारी हवं. पंधरा किलोच्या मुलाला ०.१५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सीरमनंतर निदान अर्धा तास तरी नजरेसमोर बसवा.

दुसरी रिॲक्शन उशिरा येते, आठवड्या-दोन आठवड्यांनी. ताप, अंगावर पुरळ, सांधे दुखणं. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पुरळ लशीचं समजून पुढचे डोस बंद करतात.

सूक्ष्मजीव
माणसाच्या रक्तापासून केलेलं सीरम असेल तर हा धोका बराच कमी. त्याचा डोस निम्मा, किलोला २० युनिट. गंमत अशी की ते बऱ्याचदा १ मिलिमध्ये १५० युनिट असतं, म्हणून या मुलाला तेही २ मिलिच येईल. पण ३०० चंही मिळतं, त्याचा १ मिलिच होईल. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय सिरिंज भरायची नाही.

पारिजात
माझा शेवटचा प्रश्न बाकी आहे. ६० किलोचा माणूस, फक्त करंगळीच्या टोकाला चावा. हिशोबाने ८ मिलि होतात, बोटात जेमतेम अर्धा मिलि मावतो. साडेसातचं काय?

टाकेवाला
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या भूमिकेप्रमाणे, जखमेत शरीररचनेनुसार मावेल तेवढं भरायचं, उरलेलं स्नायूत द्यायची गरज नाही. जंतुविरहित पद्धतीने वेगळं काढून ते दुसऱ्या रुग्णाला वापरता येतं. सीरम कमी असलेल्या ठिकाणी एका माणसाच्या उरलेल्या डोसात दोन-तीन जणांच्या जखमा भरून निघतात. मी याच बाजूचा.

सिस्टर_मंगल
मला ते तितकं सोपं वाटत नाही. काही मार्गदर्शक सूचना अजूनही उरलेलं स्नायूत द्यायला सांगतात. आणि एखादी जखम नजरेतून सुटली असेल तर? लहान मुलाच्या केसांतलं भोक सुटलेलं मी नाकारू शकत नाही. डोळ्यात किंवा तोंडात लाळ उडाली असेल तर तिथे भरायला जागाच नसते, तेव्हा स्नायूत द्यायलाच सांगतात. मग दुसरीकडे इतकं ठाम ‘नको’ कशाला?

टाकेवाला
लाळ उडण्याच्या बाबतीत मान्य. सुटलेल्या जखमेचा इलाज मात्र जखम शोधणं हा आहे. मांडीतल्या इंजेक्शनने ती भरून निघत नाही, सूक्ष्मजीव यांनी वर हेच लिहिलंय.

सिस्टर_मंगल
तत्त्वतः हो. पण जिथे दुसरा रुग्ण रांगेत नाही आणि उरलेलं फेकूनच द्यायचंय, तिथे दिल्याने तोटाही दिसत नाही. एकूण डोस ओलांडला जाणार नाही एवढं बघितलं की झालं. माझं मत मी बदलणार नाही.

मनमौजी
जखमेबाबत माझं मत मात्र बदललं, इराणचे आकडे मी जास्त ताणले होते. एक विचारतो, ज्याने तीन वर्षांपूर्वी लशीचा पूर्ण कोर्स घेतलाय त्याच्या गालाला चावा लागला तर सीरम?

सूक्ष्मजीव
नाही. त्याला सीरम लागत नाही, दोन बूस्टर पुरतात, एक त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. त्याचं शरीर काही दिवसांतच प्रतिपिंडं वाढवतं. प्रतिकारशक्ती खूप खालावलेली असेल तर मात्र डॉक्टर सीरमचा विचार करतात. कोर्स पूर्ण झाल्याचा कागद हवा, ‘लहानपणी काहीतरी घेतलं होतं’ एवढ्यावर ठरवता येत नाही.

वैदेही_र
जाऊन आलो. टाक्यांच्या कडेने तळहातात भरलं, पाच-सहा ठिकाणी सुई घातली, त्याला खूप दुखलं. लस दुसऱ्या हाताच्या दंडात पुढे चालू ठेवायला सांगितलंय. कागदावर मात्र फक्त ‘सीरम दिले’ एवढंच लिहिलंय.

पारिजात
बरं झालं वेळेत गेलात. उद्या ड्रेसिंगला जाल तेव्हा त्या ओळीखाली लिहून घ्या: कुठल्या जखमेत किती मिलि, एकूण युनिट, घोड्याचं की माणसाचं, बाटलीचा बॅच नंबर आणि वेळ. दहाव्या दिवशी अंगावर पुरळ आलं तर समोरचा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.